परक्या भाषेत जाताना नाही, पण आपल्या भाषेत परतताना जीभ का अडखळते?

सातपुडा_पायथा

मी धारणी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. घरची भाषा मराठी, तीही वऱ्हाडी वळणाची. कोरकू मी नोकरीच्या निमित्ताने शिकलो आणि आता पालकांशी बोलण्यापुरती ती बऱ्यापैकी येते. माझा प्रश्न असा आहे की, मराठीतून कोरकूत शिरताना मला फारसे थांबावे लागत नाही. मात्र कोरकूतून मराठीत परत येताना अगदी साधे शब्दसुद्धा क्षणभर सापडत नाहीत. मागच्या आठवड्यात एका मुलाच्या आईशी त्याच्या तापाबद्दल कोरकूत बोलत होतो, आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांनी पोषण आहाराची नोंदवही मागितली. वही माझ्या हातातच होती. "हो सर, ही घ्या" एवढेच म्हणायचे होते, तरी तोंडातून आधी कोरकू शब्द आला आणि मग काही क्षण काहीच आले नाही.

जी भाषा जन्मापासून बोलतो तिच्यात परतणे अवघड, आणि जी मोठेपणी शिकलो तिच्यात जाणे सोपे, हे उलटे वाटते. मेंदूत दोन भाषा वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात का? असतील, तर एकीतून दुसरीत जाण्याचे मोल दोन्ही दिशांना सारखे का नसावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

अकोटकर

गुरुजी, मुख्याध्यापक नोंदवही मागतात तेव्हा एकच भाषा येणाऱ्यांचीसुद्धा वाचा बसते. त्यामुळे पुरावा म्हणून हा प्रसंग थोडा कच्चा आहे. उत्तर मला माहीत नाही, परंतु धाग्यावर बसून आहे.

कापूसकोंड्या

याचे उत्तर सोपे आहे. मातृभाषा मेंदूच्या डाव्या भागात असते आणि नंतर शिकलेली भाषा उजव्या भागात जाते. १९९७ साली अमेरिकेत काही लोकांचे मेंदू यंत्रात पाहिले गेले, आणि मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्यांच्या दोन्ही भाषा वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्या. लहानपणापासून दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या मात्र एकाच जागी दिसल्या. गुरुजी कोरकू मोठेपणी शिकले, म्हणून त्यांना एका घरातून दुसऱ्या घरात चालत जावे लागते, आणि त्यात वेळ जातो.

वाणीविचार

मी वाचा-उपचार क्षेत्रात काम करते आणि वर्धा जिल्ह्यात असते. कापूसकोंड्या यांनी सांगितलेला १९९७ चा अभ्यास खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. वेगळेपणा दिसला तो डाव्याच बाजूच्या पुढच्या भाषाक्षेत्रात, आणि तोही एकमेकांना लागून असलेल्या जागांचा. उजव्या बाजूचा तिथे संबंध नव्हता. मागच्या भाषाक्षेत्रात, जिथे ऐकलेल्याचा अर्थ लागतो, तिथे दोन्ही गटांत दोन्ही भाषा एकाच जागी होत्या. पुढे झालेल्या बऱ्याच अभ्यासांत दोन्ही भाषांची जागा मोठ्या प्रमाणात एकच आढळली, आणि फरक दिसला तो मुख्यतः कच्च्या भाषेसाठी मेंदूला किती जास्त राबावे लागते यात. शिवाय दोन्ही घरे वेगळी मानली तरी चालण्याचे अंतर जाताना आणि येताना सारखेच असायला हवे. गुरुजींच्या मूळ प्रश्नाला या स्पष्टीकरणातून उत्तर मिळत नाही.

खरी अडचण अशी आहे की, दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक भाषा बोलताना दुसरी झोपलेली नसते. रशियन आणि इंग्रजी येणाऱ्या लोकांवर १९९९ च्या सुमारास एक प्रयोग झाला. समोर काही वस्तू मांडून रशियन भाषेत टपालाचे तिकीट उचलायला सांगितले. रशियनमध्ये तिकिटाला जो शब्द आहे त्याची सुरुवात इंग्रजी 'मार्कर'सारखी होते, आणि समोर मार्करही ठेवला होता. लोकांनी तिकीटच उचलले. पण डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रात दिसले की त्यांची नजर आधी मार्करकडे जाऊन येत होती. संपूर्ण संभाषण रशियनमध्ये चालू असतानाही इंग्रजी शब्द जागे झाले होते.

म्हणून दोन भाषा वेगळ्या राहतात त्या जागेमुळे नव्हे, तर मेंदू प्रत्येक वेळी एकीला पुढे येऊ देतो आणि दुसरीला दाबून धरतो म्हणून. आता गुरुजींचे कोडे पाहू. कोरकू बोलायची असेल तर मराठी दाबावी लागते, आणि मराठी तर त्यांची सर्वांत जोरकस भाषा. तिला दाबायला जोरही तेवढाच लागतो. उलट मराठी बोलताना कोरकूला फारसे दाबावेच लागत नाही, कारण ती आपणहून उसळत नाही. मराठीत परतायची वेळ येते तेव्हा तो दाब एका क्षणात उतरत नाही. थांबणे होते ते त्यामुळे. ही मांडणी इंग्लंडमधील डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ मध्ये सविस्तर केली, आणि पुढच्याच वर्षी म्यूटर व ऑलपोर्ट यांनी ती मोजून पाहिली.

प्राणहिता_काठ

मोजून कशी पाहिली, हे जरा सविस्तर सांगाल का ताई? मी सिरोंचा येथे किराणा दुकान चालवतो. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते, शाळा मराठीत झाली, आणि काउंटरवर तर दिवसभर दोन्ही चालतात.

वाणीविचार

पद्धत साधी होती. पडद्यावर १ ते ९ यांपैकी एक अंक येतो आणि तो मोठ्याने म्हणायचा. अंकामागे रंगीत चौकट असते: एक रंग दिसला तर मातृभाषेत म्हणायचे, दुसरा दिसला तर दुसऱ्या भाषेत. रंग कधी बदलेल ते आधी कळत नाही. मागच्या अंकाची भाषा तीच राहिली तर उत्तर लवकर येते, भाषा बदलली तर उशिरा. या दोहोंतील फरक म्हणजे भाषाबदलाची किंमत. ती साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होती. महत्त्वाचे म्हणजे ती मातृभाषेत परतताना जास्त आणि दुसऱ्या भाषेत जाताना कमी निघाली. गुरुजींना जे जाणवते ते नेमके हेच.

मोर्शी_संत्रा

धागा उत्तम आहे. आमच्या मुलीला यंदा सेमी-इंग्रजीत टाकायचा विचार सुरू आहे. लहान वयात दोन भाषांमुळे मेंदूवर ताण येतो आणि मूल बोलायला उशीर करते, असे आमच्या शेजारच्या काकू म्हणतात. मराठी माध्यमातच ठेवावे का?

अकोटकर

संत्रा भाऊ, प्रश्न सेकंदाच्या दहाव्या भागाचा चालला आहे आणि तुम्ही दहा वर्षांचा निर्णय मागत आहात.

वाणीविचार

थोडक्यात सांगते. दोन भाषा ऐकल्यामुळे मूल मुके राहते किंवा बोलण्यात मागे पडते, याला आधार नाही. एकेका भाषेतील शब्द सुरुवातीला कमी भरू शकतात, दोन्ही मिळून मोजले तर चित्र वेगळे दिसते. माध्यम निवडण्याची कारणे वेगळी असतात, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

तांड्यावरची

माझा ताईंच्या स्पष्टीकरणावर आक्षेप आहे. मी पुसद तालुक्यातील. आमच्या घरी गोरमाटी, गावात मराठी, आणि बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर माझे काम हिंदीतही चालते. मी एकाच वाक्यात तीनही भाषा वापरते. समोरची बाई तांड्यावरची असेल तर तिच्याशी बोलताना 'खाते', 'शिल्लक', 'अंगठा' हे शब्द मराठीच राहतात आणि बाकीचे बोलणे गोरमाटीत चालते. मला कुठेही अडखळायला होत नाही. उलट एकच भाषा धरून बोला असे कोणी सांगितले, तर मी थांबून थांबून बोलते. बदलाला किंमत असेल, तर ती मला का भरावी लागत नाही?

वाणीविचार

हा आक्षेप रास्त आहे, आणि संशोधकांनाही त्याने बराच काळ छळले. प्रयोगशाळेत रंग हुकूम देतो आणि माणूस पाळतो. आपल्या बोलण्यात हुकूम कोणाचाच नसतो. जो शब्द आधी हाताशी येतो तो आपण वापरतो. २०१६ मध्ये क्लाइनमन व गोलान या संशोधकांनी हाच फरक तपासला. चित्रांची नावे सांगायची होती, पण एका चित्राला एकदा जी भाषा वापरली तीच प्रत्येक वेळी वापरायची. ज्याला त्याला त्या वस्तूचे नाव ज्या भाषेत चटकन येते ती भाषा निवडायला सांगितले होते. असे केल्यावर भाषा बदलण्याची किंमत जवळपास नाहीशी झाली. तुमच्या 'खाते' आणि 'शिल्लक' यांचे तेच आहे. ते शब्द तुम्ही मराठीतच कायमचे बसवले आहेत, त्यामुळे तिथे गोरमाटीशी झगडाच होत नाही.

तुम्हाला एकाच भाषेत बोलायला सांगितले की जो थांबा येतो, त्याचे कारणही हेच. तेव्हा हाताशी आलेला शब्द नाकारून दुसरा शोधावा लागतो. म्हणजे बदलाला प्रत्येक वेळी किंमत पडत नाही. ती पडते मुख्यतः भाषा दुसऱ्याने ठरवून दिली आणि ती ऐनवेळी बदलली तेव्हा. गुरुजींच्या प्रसंगात नेमके तसेच झाले. मुख्याध्यापकांना कोरकू येत नाही, त्यामुळे निवडीला वावच नव्हता.

गणिती_बुवा

मी या विषयातला नाही, परंतु वजाबाकी मला कळते आणि इथे ती खटकते. किंमत म्हणजे 'बदलल्यावर लागलेला वेळ' वजा 'न बदलता लागलेला वेळ'. मातृभाषेत ही वजाबाकी मोठी आली म्हणून तुम्ही म्हणता की परतणे महाग. पण वजाबाकी दोन प्रकारे मोठी होऊ शकते: एक तर पहिली संख्या मोठी आहे, किंवा दुसरी लहान आहे. मातृभाषेत लागोपाठ दोन शब्द बोलणे हेच जर विलक्षण जलद होत असेल, तर परतण्याला काही विशेष जड न जाताही फरक मोठा दिसेल. दाब वगैरे मानायची गरजच उरणार नाही.

वाणीविचार

बुवा, तुम्ही थेट वादाच्या मुळाशी आलात. २००९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी जवळपास हेच मांडले. त्यांच्या मते परतण्याचे ओझे वेगळे नसून मातृभाषेत टिकून राहण्याचा फायदा तेवढा खास आहे. त्याआधी २००४ मध्ये बार्सिलोनात कॉस्टा व सांतेस्तेबान यांनी स्पॅनिश आणि कातालान दोन्ही अस्खलित बोलणाऱ्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा दोन्ही दिशांची किंमत सारखी निघाली. इतकेच नव्हे, तर हे लोक त्यांच्या कच्च्या तिसऱ्या भाषेत ये-जा करत होते तेव्हाही ती सारखीच राहिली. दाबाच्या साध्या हिशेबाने तसे व्हायला नको होते. आणि २०२१ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा हा असमतोल आम्ही समजत होतो तितका भरवशाने दिसत नाही असे आढळले.

तरी एक गोष्ट दाबाच्या बाजूने उरते. दोन्ही भाषा मिसळलेल्या फेरीत कित्येकदा मातृभाषा एकूणच मंद होते आणि दुसऱ्या भाषेच्याही मागे पडते. तीही प्रत्येक प्रयोगात दिसत नाही. पण जिथे दिसते तिथे मातृभाषेला कोणीतरी आवरून धरले आहे असे मानल्याशिवाय ती समजावणे कठीण जाते. केवळ टिकून राहण्याचा फायदा असता, तर ती मागे पडली नसती.

प्राणहिता_काठ

मी घरी करून पाहिले. पत्त्यांच्या कॅटमधून एक्का ते नव्वी एवढेच पत्ते काढले. चार रंगांचे मिळून छत्तीस झाले. लाल पत्ता आला तर मराठी, काळा आला तर तेलुगू, असे ठरवले. बायकोने पत्ते उलटले, मी अंक म्हटले, आणि मुलाने मोबाईलवर वेळ लावली. सगळे लाल-काळे मिसळून केले तेव्हा एका रंगाच्या पत्त्यांपेक्षा स्पष्टच जास्त वेळ लागला. पण एक गोष्ट उलटी झाली. ताईंच्या सांगण्याप्रमाणे मला मातृभाषेत म्हणजे तेलुगूत परतताना अडायला हवे होते. मला तर जाणवले की मी मराठीत परतताना अडतो. म्हणजे माझे डोके वेगळे आहे, की प्रयोग चुकला?

वाणीविचार

डोके ठीक आहे. प्रयोगाबद्दल दोन गोष्टी, आणि नंतर उलटेपणाबद्दल एक.

पहिली गोष्ट म्हणजे एकूण वेळेवरून दिशा कळत नाही. मिश्र फेरीत वाढलेल्या वेळेत दोन खर्च मिसळलेले असतात: प्रत्यक्ष बदलाचा, आणि दोन्ही भाषांसाठी सतत तयार राहण्याचा. लाल पत्त्यामागून लाल आला तरी तो सगळे लाल असलेल्या फेरीपेक्षा हळूच म्हटला जातो, कारण पुढचा काळा येईल की काय याची धास्ती असते. दिशा कळायला प्रत्येक पत्त्याची वेळ वेगळी हवी. आवाज मुद्रित करून संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत उघडला, तर लहरींच्या चित्रात पत्ता आपटल्याचा टोकदार आवाज आणि त्यानंतर तुमच्या बोलण्याची सुरुवात दिसते. त्या दोहोंमधले अंतर मोजावे. पत्ते आधीच लावून घ्यावेत, म्हणजे लालमागे लाल, लालमागे काळा, काळ्यामागे काळा आणि काळ्यामागे लाल या चारही जोड्या साधारण सारख्या येतील. निव्वळ पिसले तर एखादी जोडी फारच कमी पडते.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेतही फसवते. 'पाच' म्हणताना 'प'चा स्फोट लहरींत ठसठशीत दिसतो; 'सात'चा 'स' मात्र हळूच सुरू होतो, आणि यंत्राला तो उशिरा ऐकू येतो. म्हणून 'पाच' आणि 'सात' यांची एकमेकांशी तुलना करू नये. बदलानंतरचा 'सात' आणि बदल नसलेला 'सात' यांचीच करावी. चुकलेला अंक आणि त्याच्या लगेच पुढचा अंक, दोन्ही हिशेबातून काढावेत, कारण चुकीनंतर माणूस सावध होऊन आपोआप हळू होतो.

आता उलटेपणा. तुम्ही पाढे कोणत्या भाषेत पाठ केलेत, आणि दुकानाचा हिशेब मनात कोणत्या भाषेत करता?

प्राणहिता_काठ

पाढे मराठीत, मराठी शाळेतच. हिशेबही मराठीतच. गिऱ्हाईक तेलुगू बोलत असले तरी बेरीज मनात मराठीत होते आणि शेवटचा आकडा मी तेलुगूत सांगतो. आता तुम्ही विचारल्यावर लक्षात आले.

वाणीविचार

तर मग तुमच्या आकड्यांच्या बाबतीत जोरकस भाषा मराठी आहे, आणि दाबावी लागते तीही मराठीच. मातृभाषा कोणती हा प्रश्न इथे गौण ठरतो. त्या कामात कोणती भाषा आधी उसळते ते महत्त्वाचे. अंकांऐवजी घरातल्या वस्तूंची चित्रे, नातेवाईक, भाज्या, असे घेतले तर कदाचित अडखळणे तेलुगूच्या बाजूला सरकेल. हे पाहण्यासारखे आहे.

गणिती_बुवा

'कदाचित' हा शब्द मी नोंदवून ठेवतो. उलटे निघाले की दाब, सुलटे निघाले की दाब, असे असेल तर त्या मांडणीला चूक ठरवायचे कसे?

वाणीविचार

आधी ठरवून. अंक असोत की चित्रे, दोन्ही भाषांची निव्वळ फेरी आधी घ्यावी, आणि जी भाषा वेगवान ठरेल तिला जोरकस म्हणावे. मग मिश्र फेरीचे भाकीत कागदावर लिहून ठेवून ती फेरी करावी. भाकीत चुकले, तर मांडणीला तडा गेला असे मी मान्य करेन. एका माणसावरून निवाडा होणार नाही, हेही तितकेच खरे.

प्राणहिता_काठ

चित्रांची फेरी करून पाहिली. बायकोने तांदळाची पोती, विळा, वांगी वगैरे मोबाईलवर काढलेले फोटो वापरले. निव्वळ फेरीत तेलुगू वेगवान ठरली, म्हणून 'तेलुगूत परतताना अडेन' असे आधी लिहून ठेवले. मिश्र फेरीत मराठीत परतताना अडणे कमी झाले, एवढे नक्की. तेलुगूत परतताना अडलो की नाही, हे मला मुद्रणावरून ठामपणे सांगता येत नाही. अंतरे फार जवळजवळची आहेत, आणि बायको फोटो बदलताना एकसारख्या वेळेत बदलत नाही. तिच्या मते दोष माझाच आहे.

गणिती_बुवा

निकाल अनिर्णित. वहिनींचे म्हणणे मात्र नोंदवावे.

कापूसकोंड्या

मी जागेबद्दल चुकलो असेन, पण कोणीतरी दाबते आहे म्हणता तर ते दाबणारे कुठेतरी असेलच ना? तेवढी तरी जागा सांगा.

वाणीविचार

तेवढी सांगता येते, आणि ती भाषेपुरती राखीव नाही. मेंदूच्या पुढच्या भागातील काही क्षेत्रे, दोन्ही अर्धांच्या मधल्या फटीत असलेला पुढचा पट्टा, आणि खोलवर असलेला पुच्छकेंद्रक नावाचा भाग, हे सगळे मिळून आवरण्या-सोडण्याचे काम करतात. नको असलेली कोणतीही कृती रोखताना ते कामाला लागतात. याचा पुरावा यंत्रापेक्षा रुग्णांकडून जास्त बोलका मिळतो. इटलीत फाब्रो यांनी २००० साली एका रुग्णाचे वर्णन केले, ज्याची घरची भाषा फ्रियुलियन होती आणि दुसरी इटालियन. पुढच्या भागाला इजा झाल्यावर त्याला दोन्ही भाषा व्यवस्थित येत होत्या, व्याकरण शाबूत होते, शब्द शाबूत होते. पण समोरच्याला फ्रियुलियन येत नाही हे माहीत असूनही तो मध्येच तिच्यात घसरायचा, माफी मागायचा आणि पुन्हा घसरायचा. भाषा हरवली नव्हती, पहारेकरी जागेवर नव्हता.

तांड्यावरची

हे वाचून मी थबकले, कारण हा आमच्या घरचाच प्रसंग आहे. माझ्या आजोबांना लकवा झाला आणि उजवा हात गेला. बोलणे काही दिवसांनी परत आले, पण रुग्णालयात डॉक्टर मराठीत विचारत आणि आजोबा अर्धे वाक्य गोरमाटीत उत्तर देत. डॉक्टरांना वाटले की त्यांना समजत नाही. घरच्यांना वाटले की ते हट्ट करतात. आजोबा तर उभा जन्म मराठीत बाजार करत आले. हा पहारेकऱ्याचाच बिघाड असेल का?

वाणीविचार

न पाहता सांगणे बरोबर होणार नाही, पण फरक कसा ओळखावा ते सांगते. दोन शक्यता असतात. एकीत मराठी शब्द सापडत नाही, म्हणून माणूस नाइलाजाने गोरमाटीचा आधार घेतो. दुसरीत दोन्ही भाषांतील शब्द येतात, पण सांगितलेल्या भाषेत टिकता येत नाही. ओळखायचे तर एका दिवशी फक्त मराठी बोलणाऱ्या माणसाने वस्तू दाखवून नावे विचारावीत, आणि दुसऱ्या दिवशी फक्त गोरमाटी बोलणाऱ्या नातेवाइकाने त्याच वस्तू दाखवाव्यात. गोरमाटी आणि मराठीत बरेच शब्द जवळचे आहेत, म्हणून दोन्हीकडे नावे अगदी वेगळी असलेल्याच वस्तू निवडाव्यात, नाहीतर उत्तर कोणत्या भाषेत आले हेच कळत नाही. मराठीच्या दिवशी शब्द अडले पण गोरमाटीच्या दिवशी आले, तर पहिली शक्यता. दोन्ही दिवशी दोन्ही भाषांतील बरोबर नावे येत आहेत, पण मिसळून येत आहेत, तर दुसरी. बहुतेक रुग्णांत दोन्ही भाषा बरोबरीने बिघडतात आणि बरोबरीनेच सुधारतात. एकच परत आली किंवा दोन्ही अनावर मिसळल्या, हे तुलनेने कमी आढळते. आणि डॉक्टरांना गोरमाटी येणाऱ्या कोणाला तरी सोबत घ्यायला जरूर सांगावे. निम्मे उत्तर न समजता समजेची परीक्षा होऊ शकत नाही.

तांड्यावरची

आजोबा आता नाहीत, त्यामुळे चाचणी राहून गेली. पण आठवते त्यावरून सांगते: आई गोरमाटीत बोलायची तेव्हाही ते मध्येच मराठीत जायचे. तेव्हा आम्ही हसायचो.

वाणीविचार

दोन्ही दिशांना घसरत असतील, तर दुसऱ्या शक्यतेकडे कल जातो. त्यापुढे मी जाणार नाही.

सातपुडा_पायथा

सर्वांचे आभार. आता दोन शंका उरल्या. सेकंदाचा दहावा भाग म्हणता, पण माझा थांबा त्याहून नक्कीच मोठा होता. मला तो जाणवला, मुख्याध्यापकांनाही जाणवला. दुसरे, शाळा सुटल्यावर जो थकवा येतो तो या बदलांचा आहे का?

वाणीविचार

प्रयोगातील माणसाला १ ते ९ यांपैकी एक अंक म्हणायचा असतो आणि पुढे काय येणार हे जवळपास ठरलेले असते. तुम्हाला अख्खे वाक्य रचायचे होते, विषयही बदलला होता, माणूसही बदलला होता, आणि भाषा बदलणार याची चाहूल नव्हती. हे सगळे एकाच क्षणी बदलले, म्हणून तो सगळा थांबा भाषेच्या नावावर टाकता येणार नाही. थकव्याचेही तसेच आहे. दिवसभरात शेकडो वेळा भाषा बदलली आणि प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग धरला, तरी बेरीज मिनिटभराच्या आसपासच राहते. कच्च्या भाषेत ऐकून समजून घेण्याचे श्रम मला अधिक जबाबदार वाटतात. पण हे माझे मत आहे, मोजलेले नाही.

चाहूल मिळाली तर किंमत कमी होते, हे मात्र प्रयोगांत दिसले आहे. पुढची भाषा कोणती हे अंकाच्या थोडे आधी कळले की फरक घटतो, जरी तो शून्यावर क्वचितच जातो.

अकोटकर

म्हणजे मुख्याध्यापकांनी नोंदवही मागण्याआधी खाकरावे, असा परिपत्रकाचा मसुदा तयार करायला हरकत नाही.

सातपुडा_पायथा

ते खाकरतातच, पण मी तेव्हा कोरकूत असतो. आमच्या वर्गात मात्र मुलांचे उलटे आहे: त्यांची कोरकू जोरकस आणि मराठी कच्ची. ताईंच्या हिशेबाने त्यांनी मराठीत उत्तर देऊन शेजारच्या मुलाशी कोरकूत बोलताना अडायला हवे. मला तर ती मराठीतच अडताना दिसतात, आणि कोरकूत परतताना कोणी अडलेले मी पाहिलेले नाही.

वाणीविचार

ती मराठीत अडतात ते बहुधा शब्दच नाहीत म्हणून; तो बदलाचा खर्च नव्हे. आणि शेजारच्या मुलाशी ती बोलतात तेव्हा भाषा कोणी ठरवून दिलेली नसते. कोरकूत परतण्याचा खर्च पाहायचा असेल तर हुकमानेच बदल करवावा लागेल: अंक किंवा चित्रे दाखवून, दोन्ही भाषांत ती नावे मुलांना पक्की येतात याची आधी खात्री करून घेऊन. पहिली-दुसरीच्या मुलांवर अशी तपासणी मी स्वतः केलेली नाही.

गणिती_बुवा

गुरुजी, करणार असाल तर जोड्या सारख्या लावा, आणि भाकीत आधी इथे लिहा.

सातपुडा_पायथा

चौथीच्या मुलांबरोबर करेन, पालकांना विचारून. कोरकूत मोठ्या आकड्यांसाठी मुले हिंदी-मराठी शब्दच वापरतात, म्हणून अंक टाळून प्राण्यांची चित्रे घेतो. भाकीत: कोरकूत परतताना जास्त वेळ. बुवांचे भाकीत काय?

गणिती_बुवा

दोन्ही दिशांना सारखा, मोजमापाच्या चुकीइतका फरक.